स्प्रिंगचा रोलर पडदा खाली आला तो आलाच, वर जाईना! (भाड्याचं घर, मदत हवी)

सई_जर्सीकर
नमस्कार मंडळी. आम्ही जर्सी सिटीत एका जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. सगळ्या खिडक्यांना पांढरे व्हिनाइलचे रोलर पडदे आहेत. साखळी नाही, दोरी नाही. खालच्या काठीला धरून ओढायचं, सोडायचं, तो तिथेच थांबतो. पुन्हा हलकासा झटका दिला की वर पळतो.

हॉलमधला पडदा फार कळकट झाला होता. आई सहा महिन्यांसाठी आली आहे, तिला काही तो बघवेना. शनिवारी मी तो वर गुंडाळलेला असतानाच ब्रॅकेटमधून काढला. काढताक्षणी एका टोकाची चपटी पिन हातात फर्रर्रकन फिरली आणि मग शांत झाली. मी म्हटलं असेल काहीतरी. जमिनीवर पसरला, साबणाच्या पाण्याने पुसला, वाळवला आणि तसाच उघडा परत टांगला.

आता तो लोंबतोय. झटका द्या, विनवण्या करा, वर जायचं नावच नाही. आई म्हणते, "तुझ्या हाताला यश नाही." स्प्रिंग तुटली का? घरमालकाला सांगितलं तर नवीन पडद्याचे पैसे डिपॉझिटमधून कापेल अशी भीती आहे. पडदा ३६ इंच रुंद, ६० इंच लांब.

मंदार_ठाणे
आमच्याकडेही सेम! साखळी ओढली की कटकट आवाज येतो आणि पडदा घसरतो. मी साखळीचे मणी मोजले, दोन तुटले होते. नवीन साखळी टाकली, झालं. तुम्ही पण साखळी बदलून बघा.

निरगुडी
मंदार, तिने पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की साखळी नाही. :)

मंदार_ठाणे
अरेच्चा. मोबाइलवर वाचत होतो, लोकलमध्ये. मग ओढायचं कशाला धरून?

जुगाडराव
सई, घाबरू नको. ती पिन फिरली म्हणजे स्प्रिंगचा पीळ सुटला. स्प्रिंग तुटलेली नाही. पक्कड घे, चपटी पिन पकड आणि उजवीकडे वीस-पंचवीस वेढे दे. आणि आत तेल सोड भरपूर. शिवणाच्या मशीनचं चालेल, नाहीतर खोबरेल. आमच्या गिरगावच्या घरात असे लाकडी रोलरचे पडदे होते, वडील दर दिवाळीला तेल घालायचे.

अतृप्त_वाचक
दर दिवाळीला पडद्याचं अभ्यंगस्नान. उटणं कोणतं लावायचे?

प्रयोगशाळा
सांगलीला एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं होतो. स्लाइड दाखवायचे पांढरे ओढते पडदे आणि भूगोल विभागाचे गुंडाळायचे नकाशे, दोन्ही माझ्याच गळ्यात. यंत्रणा तुमच्या पडद्याचीच असते, म्हणून लिहितो.

जुगाडराव, पीळ सुटला हे निदान बरोबर. पण तेल घालू नका. तेल का नको हे कळायला आत काय आहे ते कळलं पाहिजे. नळीच्या एका तोंडाशी चपटी पिन असते. ती पिन ब्रॅकेटच्या खाचेत बसते, त्यामुळे ती फिरत नाही, फिरते ती नळी. पिनेपासून आत एक दांडी जाते आणि त्या दांडीवर लांब स्प्रिंग चढवलेली असते. स्प्रिंगचं एक टोक दांडीला धरलेलं, दुसरं नळीला. पडदा खाली ओढला की नळी फिरते, दांडी जागची हलत नाही, आणि स्प्रिंगला पीळ बसतो. हाच पीळ पडदा वर नेतो.

मग तो मध्येच थांबतो कसा? नळीच्या तोंडाशी एक-दोन छोट्या खिट्ट्या असतात, अगदी सैल बसवलेल्या. त्या नळीबरोबर फिरतात. नळी हळू फिरत असली की वर आलेली खिट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि पिनेवरच्या खाचेत अडकते. टक्. पडदा थांबला. नळी जोरात फिरत असली की खिट्ट्या बाहेर फेकल्या जातात आणि खाचेला शिवतच नाहीत. म्हणून हळूच सोडलं तर पडदा थांबतो आणि झटका दिला तर पळतो. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, तसंच हे.

आता त्या सैल खिट्ट्यांवर तेल गेलं की धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. मग खिट्टी पडत नाही, किंवा पडली की उठत नाही. माझ्याआधीच्या माणसाने नकाशांना तेल घातलं होतं. वर्गात सर हिमालय दाखवायला लागले की हिंदुस्थान आपोआप छताकडे जायचा.

अतृप्त_वाचक
हिमालय छताकडेच असतो की काका. सरांचं काय चुकलं?

सई_जर्सीकर
काका, इतकं नीट कुणी समजावलंच नव्हतं. म्हणजे मी वर गुंडाळलेला असताना काढला तेव्हा खिट्टी अडकलेली नव्हती, म्हणून पिन फिरली?

प्रयोगशाळा
अगदी बरोबर, बेटा. पूर्ण वर गेलेल्या पडद्यात थोडा पीळ शिल्लक असतोच, तो त्याला घट्ट गुंडाळून ठेवतो. खिट्टी त्या वेळी अडकलेली असेलच असं नाही, पिनेला फक्त ब्रॅकेटने धरून ठेवलेलं असतं. ब्रॅकेटमधून काढलीस आणि तो शिल्लक पीळ संपला.

पण त्याहून मोठी चूक पुढची. रिकाम्या स्प्रिंगचा पडदा तू उघडा टांगलास. नुसता गुंडाळून टांगला असतास, तर ओढताना तरी स्प्रिंगला पीळ बसला असता आणि अर्ध्यापर्यंत वर गेला असता. उघडा टांगल्यामुळे पूर्ण खाली असतानाच पीळ शून्य. वर नेणार कोण?

असं कर. पडदा उतरव. चपट्या पिनेला हात न लावता, टेबलावर सरळ ठेवून कापड हातानेच घट्ट आणि सरळ गुंडाळ, अगदी काठीपर्यंत. कडा दोन्ही बाजूंनी सारख्या आल्या पाहिजेत. मग टांग. आता अर्ध्यापर्यंत, म्हणजे साधारण ३० इंच खाली ओढ आणि टक् होईपर्यंत हळू सोड. आता तो अर्धा उघडा आणि अडकलेला आहे. तसाच उतरव. खिट्टी अडकलेली असल्यामुळे पिन आता फिरणार नाही. नळी आडवीच धर, उभी केलीस तर खिट्टी सुटू शकते. कापड पुन्हा हाताने गुंडाळ आणि टांग. ओढताना बसलेला पीळ आत राहिला आणि कापड मात्र वर आलं. हीच मेख आहे.

बोरूबहाद्दर
हे वाचून खिशातला कॅल्क्युलेटर काढला. एक इंची नळी धरली तर एका वेढ्याला तीन इंच आणि थोडं कापड लागतं. म्हणजे ३० इंच ओढले की साधारण नऊ वेढे पीळ. गुंडाळलेल्या कापडामुळे घेर वाढतो, म्हणून थोडे कमीच. पूर्ण ६० इंच ओढले की अठराच्या आसपास. तर काकांच्या पद्धतीने एका फेरीत वर असतानाच नऊ वेढ्यांची शिल्लक जमा होते आणि पूर्ण ओढल्यावर एकूण सत्तावीस. जुगाडराव, तुमचे पंचवीस वेढे आधीच भरले तर पूर्ण ओढल्यावर त्रेचाळीस होतील. स्प्रिंगचं काय होईल?

जुगाडराव
होईल काय, जरा जोरात जाईल वर. :) बरं, मान्य. दहा-बारा म्हणायचं होतं.

शटरगल्ली
कोल्हापूर. आमचा धंदा दुकानाच्या शटरचा. जुगाडरावांनी पंचवीस वेढे म्हटलं आणि पोटात गोळा आला. शटरच्या पाइपातही स्प्रिंगच असते, पण पट्टीची. पाइप रेंचने पीळ भरताना हात सुटला तर रेंच माणसाला फेकतो. आमच्या काकांची दोन बोटं गेली आहेत. वाचणाऱ्यांनी हा धागा बघून दुकानाच्या शटरला पक्कड लावू नये, एवढंच. घरातल्या पडद्याला घाबरायचं कारण नाही, पण पक्कड पिनेवरून सटकली तर पिन बोटावर चांगली फटका मारते. पक्कड घट्ट धरा आणि तोंड पिनेसमोर नको.

दुसरं असं, की पीळ जास्त भरला की स्प्रिंग थकते. एकदा थकलेली स्प्रिंग पहिल्यासारखी होत नाही, गिऱ्हाईक कितीही भांडलं तरी.

निरगुडी
पण काका, पक्कड वापरायचीच असेल तर कोणत्या बाजूला फिरवायची? उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे? माझ्या नवऱ्याने आमच्या पुण्याच्या घरात एक तास "उजवीकडे" फिरवली आणि पीळ होता तोही गेला.

प्रयोगशाळा
चांगला प्रश्न. सई, तुझ्याकडे कापड नळीच्या मागून, म्हणजे काचेच्या बाजूने खाली येतं का? आणि चपटी पिन खोलीतून बघताना डावीकडे आहे का? तसं असेल तर पिनेसमोर तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. कापड पुढून पडत असेल किंवा पिन उजवीकडे असेल तर उलट. पण हे पाठ करू नका, हात सांगतो. योग्य दिशेला टकटक आवाज येत दर वेढ्याला जोर वाढतो, आणि हळूच सोडलं की खिट्टी धरते. चुकीच्या दिशेला पीळ असेल तर पिन आडकाठी करते, नसेल तर नुसतीच सैल फिरते. निरगुडीताई, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा.

मला स्वतःला हाताने गुंडाळायची पद्धतच आवडते. पक्कड लागत नाही आणि दिशा चुकायचा प्रश्नच नाही.

निरगुडी
नमस्कार पोचवला. "मी मुद्दामच सोडला होता, तपासायला" असं उत्तर मिळालं.

मोरिसटाउनचा_मोरू
सई, शेजारीच आहेस की. एक गंमत. हा पडदा मुळात आपल्या जर्सीचाच म्हणायला हवा. स्ट्युअर्ट हार्टशॉर्न नावाच्या माणसाने १८६४ मध्ये स्प्रिंगच्या रोलरचं पेटंट घेतलं. त्यातून आलेल्या पैशांतून त्याने शॉर्ट हिल्स गाव वसवलं. मी रोज त्याच स्टेशनवरून न्यूयॉर्कला जातो. बंगले बघितलेस तर कळेल, खिट्टीत किती पैसा असतो.

अतृप्त_वाचक
आणि आपण तीच खिट्टी आयुष्यभर दाराला लावली. एक रुपया सुटला नाही.

कुसुमावती
जर्सी वगैरे ठीक आहे, पण दोऱ्या का गेल्या हे कुणी सांगितलं नाही. लहान मुलांच्या गळ्याला दोरीचा फास बसायचे अपघात तिकडे खूप झाले. २०१८ च्या डिसेंबरपासून अमेरिकेत दुकानात तयार मिळणारे पडदे बिनदोरीचे, नाहीतर दोरी मुलांच्या हाती लागणार नाही असे असावेत असं मानक आलं. माझ्या लेकीच्या घरी नातवासाठी आम्ही तेच लावले. मंदार, तुमच्याकडे लहान मूल असेल तर त्या साखळीचा वेटोळा भिंतीला पक्का करून घ्या. लोंबता ठेवू नका.

मंदार_ठाणे
मूल नाही, मांजर आहे. पण करतो. धन्यवाद काकू.

सई_जर्सीकर
अपडेट! रविवारी आई आणि मी दोघींनी केलं. आई एका टोकाला, मी दुसऱ्या. एक फेरी झाली. पडदा वर गेला!! पण आठ इंच उरले की दमतो आणि थांबतो. खालच्या अर्ध्यात छान पळतो. म्हणजे पीळ कमी पडतोय ना?

जुगाडराव
कमीच पडतोय. अजून एक फेरी कर.

प्रयोगशाळा
बहुतेक तेच. वर जाताना पीळ कमी कमी होत जातो, म्हणून कमतरता नेहमी शेवटच्या वेढ्यांत दिसते. पण पूर्ण फेरी करू नकोस. या वेळी १५ इंच ओढून काढ, म्हणजे चार-पाच वेढ्यांचीच भर पडेल.

सई_जर्सीकर
काका, तुमचा प्रतिसाद यायच्या आधीच मी जुगाडरावांचं ऐकलं. :( पूर्ण ३० इंचांची दुसरी फेरी. आता झटका दिला की पडदा बंदुकीसारखा सुटतो, धाडकन वर आपटतो आणि काठी नळीभोवती दोनदा फिरते. आई हनुमान चालिसा म्हणायला लागली. खालची शेजारीण वर येऊन गेली.

अतृप्त_वाचक
सत्तावीसचे छत्तीस झाले. बोरूबहाद्दर, हिशेब बरोबर ना?

बोरूबहाद्दर
बरोबर. फक्त शेजारीण हिशेबात धरली नव्हती.

प्रयोगशाळा
हरकत नाही, जास्त झालेलं काढता येतं. पण आता तो असा आपटू देऊ नकोस. काठी नळीभोवती फिरली की कापड नळीला जिथे चिकटवलेलं किंवा स्टेपल केलेलं असतं तिथून उसवतं. मग नवी कटकट.

पडदा दोन-तीन इंच खाली ओढ, टक् होऊ दे आणि तसाच उतरव. नळी टेबलावर आडवी ठेव आणि आईंना तिच्यावर हात दाबून धरायला सांग. तू पक्कडीने चपटी पिन घट्ट पकड. पीळ भरायच्या दिशेने अगदी थोडी फिरव, खिट्टी सैल होईल. आता पक्कड न सोडता उलट दिशेने अर्धा वेढा जाऊ दे. पक्कड पुन्हा धरायची असेल तर आधी खिट्टी अडकू दे, मग पकड बदल. असे दहा अर्धे वेढे, म्हणजे पाच पूर्ण. मोजत राहा. एका दमात सोडायचा मोह झाला तर पुन्हा पहिल्या पानावर याल.

शटरगल्ली
+१. आणि मोजणाऱ्याने मोजायचंच काम करावं. आमच्याकडे मोजताना फोन आला म्हणून एक शटर दोनदा भरलं गेलं होतं.

चिमणराव_नाहीत
मी गेली दहा वर्षं फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या पडद्यालाही असाच वरचा सात-आठ इंचांचा त्रास होता. पीळ वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि दोष पिळाचा नव्हताच. घर रंगवताना रंगाऱ्याने ब्रॅकेट काढून परत बसवले होते, एक किंचित आत. पडदा पूर्ण वर येताना गुंडाळी जाड होते आणि तिची कड ब्रॅकेटच्या पत्र्याला घासते. कापडाच्या एका कडेला काळी रेघ उमटली होती, ती बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला. सई, कडा बघितल्या का?

सई_जर्सीकर
थांबा, बघते.

सई_जर्सीकर
चिमणराव, दंडवत! उजव्या कडेला खालच्या बाजूला करडी रेघ आहे, अगदी फूटभर. मी साबणाने घासत होते तेव्हा ती जात नव्हती, मला वाटलं जुना डाग. आमच्या हॉलला गेल्या ऑगस्टमध्ये रंग दिला होता घरमालकाने. ब्रॅकेटच्या खाचेतही रंगाचा थर आहे.

प्रयोगशाळा
हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चिमणराव, दहा वर्षं गप्प का बसलात? सई, आधी तो रंग जुन्या सुरीच्या टोकाने खरवड. पिन खाचेत सहज बसली आणि निघाली पाहिजे. मग नळी ब्रॅकेटमध्ये असताना डाव्या-उजव्या हलवून बघ. एक-दोन मिलिमीटर मोकळीक हवी. नसेल तर गोल पिनेकडचा ब्रॅकेट तेवढा बाहेर सरकव. चपट्या पिनेकडचा हलवू नकोस, ती खाच सरळ उभी राहायला हवी. नंतरच पीळ किती लागतो ते ठरव. घर्षण गेल्यावर पहिल्या फेरीचे नऊ वेढे पुरले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मोरिसटाउनचा_मोरू
भाड्याच्या घरात ब्रॅकेट हलवायचा म्हणजे लाकडात नवीन भोकं. घरमालकाला ईमेल टाक आधी. पडदे आणि ब्रॅकेट त्याचे, रंग त्याने दिला, त्याच्या रंगाऱ्याने चुकीचं बसवलं. त्याने करून द्यावं.

जुगाडराव
एक मिलिमीटरसाठी ईमेल? स्क्रू सैल कर, भोकात एक काडेपेटीची काडी घाल आणि स्क्रू थोडा तिरका बसव. कुणाला कळणार आहे?

मोरिसटाउनचा_मोरू
कळलं नाही तर उत्तमच. कळलं तर डिपॉझिट. इकडे घर सोडताना खिडकीच्या चौकटीवरचे स्क्रू मोजणारे घरमालक मी पाहिलेत.

कुसुमावती
माझं मत मोरूसारखंच. आधी लेखी, मग हत्यार.

सई_जर्सीकर
मधला मार्ग काढला. ईमेल टाकला, फोटो जोडले. तीन दिवस उत्तर नाही. मग आईने स्वतः स्क्रूड्रायव्हर घेतला. तिने ब्रॅकेट हलवलाच नाही. गोल पिनेकडच्या ब्रॅकेटचा पत्रा आतल्या बाजूला वाकलेला होता, तो तिने पक्कडीने सरळ केला. मोकळीक दीड मिलिमीटर झाली असेल. खाचेतला रंगही खरवडला. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे पीळ सोडला, मी मोजत होते, आई पक्कड धरून होती. पाच वेढे काढले, टांगला, तरी जोरात जात होता. आणखी चार काढले.

आता पडदा वर जातो, शेवटचे आठ इंच सुद्धा, आणि वर पोचताना हलकाच टप् असा आवाज येतो. म्हणजे घुमूनफिरून पहिल्याच फेरीच्या नऊ वेढ्यांवर आलो.

बोरूबहाद्दर
नऊ, अधिक नऊ, वजा पाच, वजा चार. मी हा हिशेब वहीत उतरवून ठेवतो.

अतृप्त_वाचक
"तुझ्या हाताला यश नाही" म्हणणाऱ्या आईच्याच हाताला यश. हे घराण्यात असतं.

सई_जर्सीकर
:) एक शेवटचा प्रश्न. हुरूप आला म्हणून बेडरूमचा पडदाही उतरवला. तो आम्ही आल्यापासून कधी वर गेलाच नाही, पट्टीने बांधून ठेवतो. त्याची पिन पक्कडीने फिरवली, वीस वेढे झाले, पंचवीस झाले, टकटक होतेय पण जोर अजिबात वाढत नाही. दुसऱ्या दिशेलाही तसंच. आत काहीतरी खुळखुळतं.

प्रयोगशाळा
मग ती स्प्रिंग एका टोकाला सुटली आहे किंवा तुटली आहे. पीळ धरायलाच काही नाही. दहा-बारा वेढ्यांत हाताला जोर जाणवायलाच हवा, इतकी ती साधी परीक्षा आहे. नळीचं तोंड दाबून बसवलेलं असतं, ते उघडून मी कधी नकाशाची स्प्रिंग पुन्हा अडकवली आहे. चारपैकी दोनदा टिकली. घरच्या पडद्यासाठी एवढी मेहनत मी करणार नाही.

शटरगल्ली
मी करेन! टोक तुटलं असेल तर स्प्रिंगचा शेवटचा वेढा तापवून नवीन आकडा वळवायचा.

प्रयोगशाळा
तापवलेल्या जागी कडकपणा जातो, पुन्हा तिथेच सुटेल. तुमच्या जाड पट्टीला चालत असेल, ही तार फार बारीक आहे.

शटरगल्ली
आमच्या आजोबांपासून तापवतोय, काका. पण तार बारीक आहे हे मान्य. एकदा पाठवा माझ्याकडे, बघू.

मोरिसटाउनचा_मोरू
जर्सी सिटीहून कोल्हापूरला पडदा पाठवायच्या खर्चात हार्टशॉर्नचा अख्खा बंगला येईल. सई, हार्डवेअरच्या दुकानात व्हिनाइलचे असे पडदे हव्या त्या रुंदीला कापून देतात. माप कापडाचं नेऊ नकोस, एका ब्रॅकेटपासून दुसऱ्यापर्यंत आतल्या आतलं माप ने. पण हा तर तुम्ही यायच्या आधीपासूनच मोडलेला आहे. याचे पैसे तू का द्यायचे? त्याच ईमेलखाली लिही.

सई_जर्सीकर
लिहिलं. आत्ताच उत्तर आलं, पण हॉलच्या पडद्याबद्दल. "माणूस गुरुवारी येऊन बघेल." आई म्हणते, येऊ दे, त्याला चहा करते आणि बेडरूमचा दाखवते.

मंदार_ठाणे
कुसुमावती काकू, साखळी भिंतीला लावली. आता मांजर पडद्याच्या काठीला लटकतं.